‘घरचे मान्य करणार नाहीत’ हे सांगू नका

प्रश्न: ऑफिसमधल्या चांगल्या मित्राने मला लग्नाचं विचारलंय. माझ्या मनात तसं काही नाही. सोमवारी सांगते म्हणाले आहे. त्याला अपमान वाटणार नाही असं कसं सांगू?

आधी कारण शोधणं थांबवा. सत्ताविसाची असताना मी एका मित्राला ‘जात वेगळी आहे, घरचे मान्य करणार नाहीत’ असं सांगितलं होतं. म्हटलं, दोष घरच्यांच्या माथी जाईल आणि त्याचं मन राहील. चार महिन्यांनी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात! बाबांची समजूत घालायला आला होता. बाबा म्हणाले, ‘आमचं काही नाही रे, हिची इच्छा असेल तर बघू.’ मग सगळ्यांच्या देखत मला ‘इच्छा नाही’ म्हणावं लागलं. चहा तसाच ठेवून तो गेला.

बघायच्या कार्यक्रमानंतर ‘पत्रिका जुळत नाही’ हा निरोप चालतो, कारण त्याचा खरा अर्थ दोन्हीकडे कळतो. ज्याने स्वतःहून मन मोकळं केलंय, त्याला मात्र कारण म्हणजे अडचण वाटते आणि तो ती सोडवायला लागतो. ‘सध्या करिअर’ म्हणालात तर तो वर्षभर थांबेल.

पुढच्या खेपेला मी शहाणी झाले होते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बसस्टॉपकडे चालता चालता सांगितलं: ‘तू विचारलंस ते मला आवडलं, पण माझ्या मनात तसं नाही. पुढे बदलेल असंही वाटत नाही, म्हणून तुला थांबवून ठेवत नाही.’ त्याने ‘का?’ विचारलं. ‘तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, मला तसं वाटत नाही, एवढंच,’ म्हणाले आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं फार जड गेलं. तोंडावर ‘मी तुला भाऊच मानते’ आलं होतं, गिळलं. पाच मिनिटांत बस आली, पुढे शनिवार-रविवार त्याला एकट्याला मिळाले. म्हणून सोमवार सकाळ नको. कँटीनही नको, आणि तोच घरी सोडणार असेल त्या गाडीत तर मुळीच नको. त्याने मेसेजवर विचारलं असेल, तर मेसेजवरच उत्तर द्या. चेहरा सावरायला त्याला आडोसा मिळतो.

नंतरचं जास्त अवघड. मी जवळच्या मैत्रिणीलाही सांगितलं नाही. ग्रुपमध्ये एकाला कळलं की त्याच्या पाठीमागे कुजबुज सुरू होते, आणि खरा अपमान तिथे होतो. रात्रीचे मेसेजही मीच बंद केले, नाहीतर नकार शब्दांत राहतो आणि आशा फोनमध्ये. तीनेक आठवडे तो जेवायला दुसऱ्या टेबलावर बसला. मी बोलवायला गेले नाही. मग एके दिवशी स्वतःच डबा घेऊन आला.

हे सगळं नकार ऐकणाऱ्या माणसासाठी. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, तर त्याचा मान सांभाळत बसू नका. एकदा लेखी ‘नाही’ कळवा, आणि तरी थांबला नाही तर ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे जा.