शाफ्टवरील रनआउट आणि कॉन्सेंट्रिसिटी: डायलचा काटा किती हलू द्यावा?

प्रश्न: ब्लोअरच्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर पुलीच्या जागेला एका बाणाची खूण, ०.०३ आणि ए-बी लिहिले आहे. पंख्याच्या जागेला दोन वर्तुळांची खूण, ⌀०.०३ आणि ए-बी आहे. डायलवर नेमके किती चालते, ०.०३, निम्मे की दुप्पट? मी सेंटरवर पुलीच्या जागी ०.०२ मोजले, पार्टी ०.०५ सांगून माल परत करते आहे.

उत्तर:

एका बाणाची खूण रनआउटची आहे, म्हणून पुलीच्या जागेसाठी डायलचा काटा एका पूर्ण फेऱ्यात सर्वांत खालच्या वाचनापासून सर्वांत वरच्या वाचनापर्यंत एकूण ०.०३ मिमी हलला तरी चालतो. निम्मेही नाही आणि दुप्पटही नाही. दोन वर्तुळांची खूण कॉन्सेंट्रिसिटीची आहे, म्हणून पंख्याच्या जागेसाठी मात्र काट्याच्या हालचालीवरून थेट निकाल देता येत नाही, कारण तेथे पृष्ठभागावर नव्हे तर त्या भागाच्या अक्षावर मर्यादा घातलेली आहे. आणि तुमचे ०.०२ व पार्टीचे ०.०५ ही दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकतात. माझ्या मते तुमचा खरा घोटाळा आकड्यात नसून ‘ए-बी’ या अक्षरांत आहे, म्हणून आधी तेच घेतो.

ए आणि बी या खुणा ड्रॉइंगवर कोठे जोडल्या आहेत ते पाहा. ब्लोअरच्या शाफ्टवर त्या बहुधा दोन बेअरिंगच्या जागांवर असतात, आणि मध्ये आडवी रेघ देऊन ‘ए-बी’ लिहिले की दोन्ही जागांचा मिळून जो एक अक्ष होतो, त्याच्याभोवती शाफ्ट फिरवून मोजायचे, असा त्याचा अर्थ होतो. शाफ्टच्या तोंडावरची सेंटरची भोके हा आधार नाही. मशीनमध्ये शाफ्ट सेंटरवर फिरत नाही, बेअरिंगवर फिरतो, आणि ड्रॉइंग करणाऱ्याला त्या फिरण्याचीच काळजी आहे.

आता आकडे घालून पाहू. समजा ए आणि बी या जागांच्या मध्यांतील अंतर ४०० मिमी आहे आणि पुलीच्या जागेचा मध्य बी च्या बाहेर १०० मिमीवर आहे. तुम्ही शाफ्ट सेंटरवर चढवून पुलीच्या जागी डायल लावला आणि ०.०२ आले, म्हणजे गोलाई चांगली असेल तर त्या जागेचे केंद्र सेंटरच्या रेषेपासून ०.०१ सरकलेले आहे. त्याच चढवणीत डायल ए वर नेला असता तर कदाचित तेथेही ०.०२ आले असते, उंच बाजू पुलीच्या उंच बाजूच्याच दिशेला. आणि बी वर पुन्हा ०.०२, पण उंच बाजू नेमकी उलट दिशेला. एक टोक चकमध्ये धरून एक बाजू केली, मग शाफ्ट उलटा करून दुसरी बाजू केली, की असे सर्रास होते. तर ए चे केंद्र ०.०१ वर आहे, बी चे ०.०१ खाली आहे, म्हणजे बेअरिंगचा अक्ष ४०० मिमीत ०.०२ ने उतरतो. हीच उतरती रेघ आणखी १०० मिमी पुढे नेली की पुलीजवळ ती सेंटरच्या रेषेच्या ०.०१५ खाली पोहोचते. पुलीचे केंद्र मात्र ०.०१ वर आहे. दोघांतले अंतर ०.०२५ झाले, आणि अंतराच्या दुप्पट काटा हलतो, म्हणून बेअरिंगवर फिरवल्यावर ०.०५ दिसणार. पार्टीने बेअरिंगच्या जागा व्ही-ब्लॉकवर ठेवून मोजले असेल तर तिचा आकडा बरोबर आहे आणि पुलीची जागा नापास आहे. शाफ्ट परत घेण्याआधी तो एकदा सेंटरवर चढवून ए, बी आणि पुली अशी तिन्ही वाचने व त्यांच्या उंच बाजूंच्या दिशा खडूने शाफ्टवर लिहून घ्या, म्हणजे वाद कागदावर मिटेल.

हे मी चुकून शिकलो आहे. आमचे वर्कशॉप हिंगणघाटच्या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की रेच्यांचे आणि ब्लोअरचे शाफ्ट रात्रीतून करून मागतात. एका जिनिंगचे दोन शाफ्ट मी सेंटरवर ०.०१ दाखवून दिले आणि चार दिवसांत पट्टा एका कडेला चालतो म्हणून दोन्ही परत आले. तपासले तेव्हा एका शाफ्टच्या सेंटरच्या भोकाच्या काठाला पडल्यामुळे ठोका बसलेला दिसला, आणि बेअरिंगच्या जागांवर डायल मी लावलाच नव्हता.

निम्मे-दुप्पटचा गोंधळ कोठून येतो तेही येथेच कळते. केंद्र जेवढे सरकते, त्याच्या दुप्पट काटा हलतो. त्यामुळे कोणी म्हणतो की ०.०३ ही सरकण्याची मर्यादा आहे, म्हणून काटा ०.०६ हलला तरी चालेल. रनआउटच्या चौकटीतील आकडा मात्र सरकण्याचा नाही, काट्याच्या एकूण हालचालीचाच आहे. कॉन्सेंट्रिसिटीच्या आकड्याआधी जे व्यासाचे चिन्ह आहे ते याचसाठी आहे: बेअरिंगच्या अक्षाभोवती ०.०३ मिमी व्यासाची एक काल्पनिक नळी आहे असे समजा, पंख्याच्या भागाचा अक्ष तिच्याबाहेर जाता कामा नये. नळीचा व्यास ०.०३, म्हणजे अक्ष कोणत्याही बाजूला जास्तीत जास्त ०.०१५ सरकू शकतो, आणि भाग पुरेसा गोल असेल तर ०.०१५ सरकण्याने काटा ०.०३ हलतो. म्हणून निव्वळ विकेंद्रितपणा असेल तर दोन्ही खुणांचा आकडा डायलवर सारखाच दिसतो.

फरक पडतो तो भाग गोल नसतो तेव्हा. काट्याची हालचाल म्हणजे सरकलेले केंद्र आणि बिघडलेली गोलाई यांची खिचडी असते. रनआउटला ती खिचडीच हवी असते, कॉन्सेंट्रिसिटीला त्यातून फक्त केंद्राचे सरकणे वेगळे काढायचे असते.

तुमच्या पंख्याच्या जागेला व्यासाची मुभा मोठी आहे असे धरू, समजा एकूण ०.१ मिमी. बेअरिंगच्या जागा व्ही-ब्लॉकवर ठेवून एका ठिकाणी डायल लावला, सर्वांत खालच्या वाचनाला शून्य केले आणि पाव-पाव फेऱ्याने वाचले: ०.०३४, ०, ०.०२२, ०. काट्याची हालचाल ०.०३४ झाली. येथे एका बाणाची खूण असती तर हा भाग नापास झाला असता. पण एका फेऱ्यात काटा दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला, हे लक्षात घ्या. निव्वळ केंद्र सरकले असते तर तो एकदाच वर आणि एकदाच खाली गेला असता. दोनदा वर जाणे ही लंबगोलपणाची खूण आहे. आता समोरासमोरची वाचने घ्या: ०.०३४ आणि ०.०२२ यांत फरक ०.०१२, त्याचा निम्मा ०.००६, दुसऱ्या जोडीत फरक शून्य. म्हणजे केंद्र ०.००६ सरकले आहे आणि नळी ०.०१२ व्यासाची लागते, ⌀०.०३ मध्ये हा भाग सहज बसतो. पडताळा मायक्रोमीटर देतो: पहिल्या जोडीची बेरीज ०.०५६, दुसरीची शून्य, म्हणून दोन दिशांच्या व्यासांत ०.०५६ चा फरक दिसायला हवा. तेवढा दिसला नाही, तर डायल किंवा व्ही-ब्लॉक तपासा.

चार वाचने समजावण्यासाठी पुरतात, प्रत्यक्षात मी बारा घेतो, आणि हेच काम त्या भागाच्या लांबीवर तीन-चार ठिकाणी करतो. तीन उंचवटे असलेला भाग समोरासमोरच्या वाचनांना आणि मायक्रोमीटरलाही फसवतो, कारण तेथे उंचवट्यासमोर नेमका खळगा येतो. एका फेऱ्यात काटा तीनदा वर जाताना दिसला तर ही पद्धत सोडून गोलाई मोजण्याच्या मशीनवर जावे लागते. उलट बाजूने मात्र दिलासा आहे: काट्याची हालचालच ०.०३ च्या आत असेल तर समोरासमोरच्या कोणत्याही जोडीचा मध्य ⌀०.०३ मध्ये बसतोच, पुढे गणित करण्याची गरज नाही. पंख्याच्या जागेवर आधी साधा रनआउट पाहा आणि तो बसला नाही तरच वरची आकडेमोड करा.

या कटकटीमुळेच अमेरिकन मानकाने, म्हणजे एएसएमई वाय १४.५ ने, २०१८ च्या आवृत्तीत कॉन्सेंट्रिसिटीची खूण काढून टाकली. आयएसओ ११०१ मध्ये ती आहे, म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत कोणते मानक लिहिले आहे ते पाहा. माझे मत विचाराल तर पार्टीला पंख्याच्या जागीही रनआउट लिहून देण्याची विनंती करा. फिरणाऱ्या भागाला बहुधा तेच हवे असते, फक्त ड्रॉइंग जुन्या नमुन्यावरून उतरवलेले असते.

मोजताना व्ही-ब्लॉक दोन्ही बेअरिंगच्या जागांच्या मध्याखाली ठेवा आणि शाफ्टच्या एका तोंडाशी छोटी गोळी लावून अटकाव करा, म्हणजे फिरवताना तो पुढे-मागे सरकणार नाही. बेअरिंगची जागाच लंबगोल असेल तर शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये जागेवरून हलतो आणि ते वाचनात मिसळू शकते, म्हणून डायल प्रथम ए आणि बी वरच लावून बघा. तेथेच काटा ०.०१ हलत असेल, तर पुलीच्या ०.०३ वर भरवसा ठेवता येणार नाही. डायलची दांडी शाफ्टच्या केंद्राकडे रोखलेली असावी. लिव्हर डायल असेल तर त्याचे बोट पृष्ठभागाला जवळपास समांतर ठेवा. ते ३० अंश उभे राहिले तर ०.०४ चे वाचन प्रत्यक्षात सुमारे ०.०३५ च असते. ०.०३ च्या मर्यादेला ०.०१ चा डायल अपुरा पडतो, ०.००२ चा मागून आणा. चावीच्या गाळ्यावरून काटा जाईल तेवढ्यापुरता उचलून धरा, तो खड्डा मोजणीत धरत नाहीत.

रनआउटला एका बाणाची खूण असेल तर प्रत्येक ठिकाणी डायल पुन्हा शून्यावर आणता येतो, कारण प्रत्येक छेद स्वतंत्र असतो. दोन बाणांची खूण असती तर शून्य न बदलता डायल पूर्ण लांबीवर न्यावा लागला असता.

तुमचा पुढचा शाफ्ट असा करा: दोन्ही बेअरिंगच्या, पुलीच्या आणि पंख्याच्या जागांवर ०.३ मिमी माल ठेवून खरड काम संपवा, सेंटरची भोके स्वच्छ करा आणि शेवटचा कट सर्व जागांवर दोन सेंटरमध्ये कॅरियर लावून घ्या. कॅरियर एकाच टोकाला बसतो, तेवढ्यासाठी शाफ्ट उलटा करावा लागला तरी चालतो. फक्त दोन्ही वेळी आधार त्याच दोन भोकांचा राहिला पाहिजे आणि हेडस्टॉकचे सेंटर स्वतः डायल लावून तपासलेले असावे. परत आलेल्या शाफ्टच्या पुलीच्या जागेचा व्यास खालच्या मर्यादेवर असेल तर तेथे काढायला माल उरलेला नसतो, आणि मग फिटिंग बदलून लहान बोअरची पुली घ्यायची की नवा शाफ्ट करायचा, हे पार्टीशी बोलूनच ठरवावे लागेल.