जुन्या कागदांतला 'वंश': वाचकांचे प्रश्न

माझ्या पंजाबी मित्राचे पणजोबा शीख होते, पण कॅलिफोर्नियातल्या १९३०च्या जनगणनेत त्यांच्यापुढे 'हिंदू' लिहिलंय. चूक आहे का?

नाही. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत 'वर्ण किंवा वंश' या रकान्यात हिंदुस्थानातून आलेल्या माणसासाठी हाच शब्द ठरलेला होता. शीख असो, मुसलमान असो, नोंद 'हिंदू'च व्हायची. त्यावरून धर्म ठरवू नका.

त्यांची बायको मेक्सिकन होती. ती १९२०मध्ये 'गोरी', १९३०मध्ये 'मेक्सिकन' आणि १९४०मध्ये पुन्हा 'गोरी' कशी?

बाई तीच, सूचनापत्र बदललं. १९२०मध्ये मेक्सिकन हा वेगळा वंश नव्हता, त्यामुळे तिथून आलेल्या बहुतेकांना गोरं लिहिलं गेलं. १९३०मध्ये तो पहिल्यांदा आणि एकदाच वेगळा धरला. त्याला कडाडून विरोध झाला आणि १९४०मध्ये निश्चितपणे इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, किंवा गोऱ्या नसलेल्या अन्य वंशाचा नसेल तर मेक्सिकन माणसाला गोरं लिहा, असा हुकूम निघाला. मुलांसाठी १९३०चा नियम असा, की गोरे नसलेल्या दोन वंशांच्या आईबापांची मुलं बापाच्या वंशाची. म्हणून त्या वर्षी एकाच घरात आई 'मेक्सिकन' आणि मुलं 'हिंदू' दिसतात. मला या पानांपाशी नेहमी थांबावंसं वाटतं, कारण जेवायला एकत्र बसणारं घर कागदावर दोन वंशांत वाटलेलं असतं.

विवाह परवान्यावर मात्र नवरा-बायको दोघंही 'तपकिरी' आहेत. कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा?

आधी कारकुनाची अडचण बघा. कॅलिफोर्नियात १९४८पर्यंत गोऱ्या माणसाचं काही इतर वंशांच्या माणसांशी लग्न कायद्याला मान्य नव्हतं. परवाना लिहिणारा कारकून दोघांकडे बघून ठरवायचा, आणि दोघांना एकच रंग लिहिला की लग्न अडत नसे. त्या शब्दातून कातडीचा रंगही नक्की कळत नाही, मग वंश दूरच. नावं, वय, जन्मस्थळ आणि तारीख यांसाठी तो परवाना वापरा.

आफ्रिकन-अमेरिकन कुटुंब १८८०मध्ये 'मुलॅटो', १९००मध्ये 'काळं' आणि १९१०मध्ये परत 'मुलॅटो'. ही वेगळी माणसं तर नसतील?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. मुलॅटो म्हणजे मिश्र वंशाचा. १९००च्या जनगणनेत तो पर्यायच नव्हता. १९१० आणि १९२०मध्ये तो होता, पण कुणाला काळं आणि कुणाला मुलॅटो म्हणायचं हे प्रगणकाच्या नजरेवर राहिलं. त्यामुळे तुमची ओळ वाचून झाली की त्याच प्रगणकाची मागची-पुढची पाच-सहा पानं चाळा. सगळीकडे 'काळा'च लिहिलेलं असेल, तर ती त्याची सवय आहे. काही घरं 'काळी' आणि शेजारची 'मुलॅटो' लिहिली असतील, तर तो निदान फरक करत होता. माणूस तोच की वेगळा, हे मुलांची नावं, वयांतलं अंतर आणि शेजाऱ्यांवरून ताडा. १९४०च्या पानावर माहिती सांगणाऱ्याच्या नावाशी वर्तुळातली फुली असते. तिथे शेजाऱ्याने माहिती दिलेली निघाली, तर वयांवरही फार भरवसा ठेवू नका.