टेलिग्राम ग्रुपमधले नफ्याचे स्क्रीनशॉट आणि पंधरा हजारांच्या टिप्स

प्रश्न: माझ्या मेहुण्याने मला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं आहे. तिथे लोक रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात आणि ॲडमिन तीन महिन्यांच्या टिप्ससाठी 15,000 रुपये मागतो. जून 2025 मधल्या एका दिवसाचा ग्रुपचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. हे विश्वासार्ह वाटतं का?

नाही. पैसे भरू नका. मी करसल्लागार आहे आणि शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या अनेकांची विवरणपत्रे दरवर्षी भरतो. त्यामुळे ब्रोकरकडून येणारे खरे हिशेब माझ्या डोळ्यांखालून सतत जात असतात. आपण जोडलेल्या चित्रातील आकडे मी त्याच नजरेने तपासले.

पाच सभासदांनी निफ्टीच्या एकाच कॉल ऑप्शनमधील नफा दाखवला आहे. दुसऱ्या सभासदाच्या चित्रात संख्या 1,500, सरासरी खरेदी भाव 112.40, चालू भाव 168.90 आणि नफा 87,450 रुपये दिसतो. दोन्ही भावांतील फरक 56.50 रुपये आहे, त्याला 1,500 ने गुणले की 84,750 येतात. ब्रोकरचे ॲप हा गुणाकार स्वतः करते आणि त्यात आकड्यांची अदलाबदल होत नाही. ती माणसाच्या हातून होते. चौथ्या सभासदाने 1,000 ही संख्या दाखवली आहे. जून 2025 मध्ये निफ्टीचा एक लॉट 75 चा होता आणि ऑप्शनची खरेदी-विक्री पूर्ण लॉटमध्येच होते, म्हणजे 975 किंवा 1,050 घेता आले असते, 1,000 घेताच आले नसते. हे चित्र कोणत्याही खऱ्या खात्यातून आलेले नाही, असे मी निःशंकपणे म्हणतो.

आणखी एक गोष्ट चित्र मोठे करून पाहावी. पाचपैकी तिघांच्या स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत वेळ 11:42 आणि बॅटरी 37 टक्के आहे. तीन वेगवेगळ्या माणसांच्या फोनमध्ये एवढे जुळून यावे हे मला पटत नाही. एकाच फोनवरून काढलेली चित्रे तीन नावांनी टाकली असावीत, असा माझा कयास आहे.

मात्र एक खबरदारी सांगितली पाहिजे. हिशेब जुळला असता तरी ते चित्र खरे ठरले नसते. हुबेहूब ब्रोकरच्या ॲपसारखी दिसणारी आणि टाकाल तो आकडा नीट गुणून दाखवणारी बनावट ॲप्स आहेत, आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे कोणालाही दोन मिनिटांत बदलता येतात. अशा वेळी एक तपासणी उपयोगी पडते. एनएसई रोज बाजार बंद झाल्यावर ‘भावकॉपी’ नावाची फाइल आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवते आणि तिच्यात प्रत्येक ऑप्शनचा त्या दिवसाचा सर्वोच्च आणि नीचांकी भाव असतो. चित्रातील चालू भाव त्या दोहोंच्या बाहेर असेल तर चित्र खोटे आहे. भाव आत असेल तर एवढेच कळते की तो भाव त्या दिवशी बाजारात होता. त्या माणसाने त्या भावाला व्यवहार केला की नाही, हे त्यातून कळत नाही.

समजा, एखादा स्क्रीनशॉट अगदी अस्सल निघाला. तरीही तो त्या सल्लागाराविषयी फारसे काही सांगत नाही, आणि माझ्या मते मुख्य मुद्दा हाच आहे. एकाच माणसाने स्वतःच्या खात्यात बाजार चढल्यावर फायदा देणारा कॉल आणि पत्नीच्या खात्यात बाजार पडल्यावर फायदा देणारा पुट घेतला, तर बाजार जोरात कुठेही सरकला तरी एका खात्यात नफा दिसणारच. ग्रुपवर त्याच खात्याचे चित्र येते, दुसऱ्याचा तोटा घरातच राहतो. शिवाय सौदा चालू असताना सकाळी 11:42 ला दिसणारा नफा हा हाती आलेला नफा नसतो. तीच पोझिशन दुपारी तीन वाजता तोट्यात बंद झाली, तर ते चित्र कोणी टाकत नाही. पूर्ण वर्षाचा हिशेब दाखवा म्हटले की गाडी अडते. ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चालणाऱ्या उद्योगाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिकवणीच्या नावाखाली शेअर घेण्या-विकण्याचे सल्ले दिले जात होते आणि मोठ्या परताव्याची भाषा वापरली जात होती, पण सेबीने चालकाच्या स्वतःच्या व्यवहारांची छाननी केली तेव्हा जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात त्याला सुमारे 2.89 कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाल्याचे आढळले. लोकांकडून गोळा केलेले सुमारे 17.2 कोटी रुपये जमा करण्यास त्या आदेशात सांगितले होते.

टिप नेमकी कधी आली हेही पाहावे लागते. टेलिग्रामवर ॲडमिन जुना संदेश पुसून टाकू शकतो आणि इतरांना त्याचा मागमूस राहत नाही. चुकलेल्या टिप्स पुसल्या की महिन्याभराच्या नोंदीत फक्त बरोबर आलेल्या उरतात. संदेश दुरुस्त केला असेल तर वेळेशेजारी तशी बारीक खूण दिसते, तेवढी मात्र शोधता येते. टिपची भाषाही अशी असते की ती सहसा चुकू नये: ‘112 च्या वर घ्या, स्टॉपलॉस 95, टार्गेट 125, 140, 168’. भाव 125 ला शिवून 95 पर्यंत कोसळला तरी ‘पहिले टार्गेट पूर्ण’ असे जाहीर होते, आणि 168 ची वाट पाहत थांबलेल्या सभासदाचे पैसे जातात. आपल्याला खात्रीच करायची असेल तर एकही रुपया न भरता दोन आठवडे वहीत प्रत्येक टिप ती आल्याच्या क्षणी, त्या वेळच्या प्रत्यक्ष बाजारभावासह लिहून ठेवा आणि स्टॉपलॉस आधी लागला की टार्गेट, याची नोंद करा. संदेश वाचून आपण ऑर्डर टाकेपर्यंत भाव 112 चा 120 झालेला असतो, हेही त्या वहीत दिसेल.

कायद्याची बाजू सोपी आहे. पैसे घेऊन शेअर किंवा ऑप्शनच्या टिप्स देणाऱ्याकडे सेबीची रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. तिचा क्रमांक INH ने सुरू होतो आणि नोंदणीकृतांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे. ॲडमिनने क्रमांक दिला तर तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक स्वतःच्या नावापुढे चिकटवणारेही आहेत. यादीतील नाव, फोन आणि ईमेल ग्रुपवरील तपशिलाशी जुळतात का आणि पैसे ज्या खात्यात मागितले आहेत ते खाते त्याच नावाचे आहे का, हे पाहावे. खात्रीच्या नफ्याचे वचन नोंदणीकृत ॲनालिस्टलाही देता येत नाही, आणि आपल्या चित्रात वरती पिन केलेल्या संदेशात ‘रोज 5 टक्के पक्के’ असे लिहिले आहे.

मेहुण्यांशी मात्र जपून बोलावे. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ अशाच एका ग्रुपमध्ये होते. वर्षभर ते मला नफ्याची चित्रे दाखवत होते आणि मार्चनंतर ब्रोकरचा वार्षिक हिशेब उघडला तेव्हा ब्रोकरेज आणि करांसह 3 लाख 40 हजारांचा तोटा निघाला. फायद्याचे सौदे त्यांना तारखांसह पाठ होते, तोट्याचे आठवतही नव्हते. ते खोटे बोलत नव्हते. म्हणून मेहुण्यांना स्क्रीनशॉट मागू नका. प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी ब्रोकर ईमेलने काँट्रॅक्ट नोट पाठवतो आणि वर्षाचे नफा-तोटा पत्रक त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ते पत्रक दोघांनी शेजारी बसून, ग्रुपमध्ये आल्याच्या तारखेपासून पुढे वाचावे. त्यांनी फी आधीच भरली असेल आणि फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी तक्रार करावी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवता येण्याची शक्यता असते.