पहिल्या पेमेंटऐवजी एलटीव्हीवर बिड करायचं तर आकडा कुठून आणायचा?

"आमचं सबस्क्रिप्शन आहे, मंथली आणि अ‍ॅन्युअल असे दोन प्लॅन. गूगल अ‍ॅड्सला सध्या पहिल्या पेमेंटची रक्कमच जाते. एलटीव्हीवर बिड करायचं तर आकडा कुठून आणायचा? ग्राहक किती टिकतो हे कळायला वर्षभर थांबायचं का?"

थांबू नका, थांबून उपयोगही नाही. गूगलला एकदा गेलेल्या कन्व्हर्जनची किंमत दुरुस्त करायला ५५ दिवसांचीच मुदत मिळते, त्यामुळे बाराव्या महिन्यात खरा आकडा हातात आला तरी तो बिडिंगच्या काही कामाचा नाही. पाठवायचा असतो तो अंदाज, आणि तोही पहिल्या आठवड्यातच.

आधी पहिल्या पेमेंटवर बिड केलं की नेमकं काय चुकतं ते एका हिशोबात बघा. समजा मंथली १००, अ‍ॅन्युअल ८००, आणि कूपन लावलं तर पहिला महिना ५०. सिस्टिमला दिसतं की अ‍ॅन्युअलवाला मंथलीवाल्याच्या आठपट मोलाचा आहे, म्हणून ती तसल्या लोकांच्या क्लिकला त्याच प्रमाणात जास्त पैसे मोजायला तयार होते. आता १२ महिन्यांचं बघू. पूर्ण किमतीत आलेल्या १०० मंथली लोकांपैकी दुसरं पेमेंट ८० जणांनी केलं, तिसरं ७०, सहावं ५७, बारावं ४५ जणांनी, आणि मधले सगळे महिने धरून एकूण ७२६ पेमेंट झाली, तर माणशी ७२६ आले. अ‍ॅन्युअलमध्ये १०० पैकी ८ जणांनी रिफंड घेतला तर माणशी ७३६. म्हणजे आठपट वाटणारा फरक वर्षात जवळपास शून्यावर आला. कूपनवाल्यांतले मात्र निम्म्याहून जास्त दुसऱ्या महिन्यातच जातात, त्यांचे माणशी २८८ पडतात. हा फरक खरा आणि मोठा आहे, पण पहिल्या पेमेंटमध्ये तो फक्त दुपटीचा दिसत होता. (अ‍ॅन्युअलचे पैसे आधीच हातात येतात हा फायदा आहेच, कॅश टाइट असेल तर त्याची किंमत थोडी वाढवून धरा, पण आठपट नाही.)

आता आकडा कुठून आणायचा. इथे मी स्वतः मोठी चूक केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी ज्या टीममध्ये होतो तिथे दर महिन्याला एकूण ग्राहकांपैकी ५ टक्के जायचे, म्हणून मी १ भागिले ०.०५ करून सरासरी आयुष्य २० महिने काढलं आणि एका नव्या ग्राहकाची किंमत २,००० धरली. गणित बरोबर होतं पण माणसं चुकीची होती. त्या ५ टक्क्यांत दोन-तीन वर्षं टिकलेले जुने लोक भरलेले, ते कशाला सोडून जातील, आणि जाहिरातीतून नव्याने येणारा माणूस पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यात जास्त गळतो. नव्या लोकांची महिनावार यादी काढली तेव्हा वर्षभराची किंमत ७०० च्या आसपास निघाली. तोपर्यंत आम्ही तीन महिने जवळपास तिप्पट बिड लावून बसलो होतो. त्यामुळे सरसकट चर्नवरून आकडा काढू नका. एकाच महिन्यात आलेले लोक वेगळे काढा, त्यातही जाहिरातीतून आलेलेच घ्या, आणि दर महिन्याला कितीजणांनी पैसे भरले ते मोजा. मुदत १२ महिनेच ठेवा, त्यापुढचं उत्पन्न बिडमध्ये मोजलं की खर्च आज होतो आणि पैसे दीड-दोन वर्षांनी येतात.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: तुम्ही सगळ्यांसाठी ७२६ हा एकच आकडा पाठवलात तर काहीच बदललेलं नाही. सगळ्या कन्व्हर्जनची किंमत सारखी असेल तर टार्गेट रोआस आणि टार्गेट सीपीए एकच झाले. सिस्टिम शिकते ती किमतींमधल्या फरकावरून. म्हणून ग्राहकांचे कप्पे पाडा, फार नको, चार-पाच पुरे. प्लॅन आणि कूपन हे दोन तर खरेदीच्या क्षणीच माहीत असतात. त्यानंतर पहिल्या पाच दिवसांतलं वागणं बघायचं. माझ्या अनुभवात सगळ्यात बोलकी खूण एकच, ऑटो-रिन्यू बंद केलं का. त्याखालोखाल मुख्य काम, ज्यासाठी माणूस पैसे देतो ते, त्याने किती वेळा केलं. समजा पूर्ण किमतीच्या मंथलीतले ६० टक्के लोक पाच दिवसांत निदान तीनदा वापर करतात आणि ऑटो-रिन्यू चालू ठेवतात, त्यांची किंमत तुमच्या जुन्या यादीतून ९३० निघते, उरलेल्या ४० टक्क्यांची ४२०. दोन्हीची सरासरी परत ७२६ च येते, तशी यायलाच हवी, नाहीतर कुठेतरी हिशोब चुकलाय.

खरेदीच्या क्षणी कप्प्याची सरासरी पाठवा, म्हणजे पूर्ण किमतीच्या मंथलीला ७२६, आणि सहाव्या दिवशी त्याच ऑर्डर आयडीवर `RESTATE` करून ९३० किंवा ४२० करा. रिफंड झाला तर `RETRACT`, पण अ‍ॅन्युअलला नको, त्याच्या ७३६ मध्ये रिफंड आधीच वजा आहेत. सुरुवातीला ऑर्डर आयडी पाठवला नसेल तर नंतर जोडता येत नाही, ते आजच चालू करा. सरासरीच आधी का, तर कमी आकडा पाठवून नंतर वाढवला की ताजे पाच दिवस कायम वाईट दिसतात आणि सिस्टिम उगाच हात आखडता घेते.

स्विच करताना बहुतेकांचं इथे बिघडतं. समजा १८,००० खर्चात १०० ऑर्डर आल्या, ५० पूर्ण मंथली, ३० कूपन, २० अ‍ॅन्युअल. पहिल्या पेमेंटने २२,५०० होतात, रोआस १२५ टक्के. नव्या किमतींनी त्याच ऑर्डर ५९,६६० च्या होतात, रोआस साधारण ३३१ टक्के. धंद्यात काहीच बदललं नाहीय, नुसती मोजपट्टी बदललीय. पण टार्गेट १२५ वरच राहिलं तर सिस्टिमला वाटणार की खर्च करायला भरपूर वाव आहे, आणि ती तो करणारच. म्हणून नवी कन्व्हर्जन अ‍ॅक्शन आधी चार-सहा आठवडे सेकंडरी ठेवा, सध्याच्या कॅम्पेनला नव्या किमतीत किती रोआस पडतो ते बघा, तेच टार्गेट लावा आणि मगच प्रायमरी करा. त्यानंतर टार्गेट हळूहळू हलवा. महिन्याला पन्नासेकच ऑर्डर असतील तर मी वापरावरून कप्पे पाडणार नाही, प्लॅन आणि कूपन एवढंच वेगळं करीन.

चालू झाल्यावर डॅशबोर्डवरच्या रोआसवर विसंबू नका, तो तुमच्याच अंदाजावर उभा आहे. दर महिन्याला कप्प्यानुसार दुसऱ्या पेमेंटचं प्रमाण बघा. ९३० च्या कप्प्यात जास्त लोक यायला लागले पण त्यांचं दुसरं पेमेंट आधीपेक्षा घसरतंय, तर जाहिरात आता अशी माणसं आणतेय जी पाच दिवस उत्साहाने वापरतात आणि सोडतात, म्हणजे तीन वापरांची अट पूर्वीइतकी खरी राहिली नाही. तेव्हा टार्गेटला हात न लावता आधी त्या कप्प्याची किंमत खाली आणा.