मलपृष्ठावर कथा किती सांगायची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पहिलीच कादंबरी, २४० पानांची. मलपृष्ठाचा मजकूर प्रकाशकांनी मलाच लिहायला सांगितलाय. शेवट काढून टाकला तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. मसुदा सोबत पाठवतोय.

तुमच्या परवानगीने, पात्राचं नाव बदलून, मसुदा इथे देतो :

«कोकणातल्या वाडीत एकट्या राहणाऱ्या सुलभाला एक दिवस मुंबईच्या वकिलाची नोटीस येते. तिच्या राहत्या घरावर एका अनोळखी माणसाने हक्क सांगितलेला असतो. हा माणूस आपल्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा आहे हे कळल्यावर ती कोसळते. पण हळूहळू दोघांत मायेचं नातं जुळतं आणि अखेर ती स्वतःहून घर त्याच्या नावावर करते. नात्यांचा हळुवार पट उलगडणारी, मन हेलावून टाकणारी कादंबरी.»

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक गोष्ट कादंबरीत कितव्या पानावर कळते ते समासात लिहा. मी लिहिलं ते असं : नोटीस पान १४, अनोळखी माणसाचा हक्क पान १६, तो कोण हे पान ९२, माया १५० च्या पुढे, घर नावावर करणं पान २३१. म्हणजे सोळाव्या पानावरून तुम्ही थेट ब्याण्णवावर उडी मारलीत आणि मधली पंच्याहत्तर पानं मोकळी सोडलीत. सांगण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

कादंबरीच्या पहिल्या पाव हिश्शात घडतं ते मलपृष्ठावर सांगायला हरकत नसते. वाचक ते पहिल्या एक-दोन बैठकांतच वाचणार असतो, त्यामुळे त्याचं काही हिरावलं जात नाही. तुमच्या पुस्तकात ही रेघ साठाव्या पानाच्या आसपास येते. तिच्या पुढची कुठलीही गोष्ट मलपृष्ठावर यायची तर तिला तसंच सबळ कारण हवं. पहिली साठ पानं मी मागवून वाचली. अडतिसाव्या पानावर तो माणूस स्वतःच भर पावसात दारात येऊन उभा राहतो, तारखेपर्यंत राहू द्या म्हणतो. त्रेचाळिसाव्या पानावर वीज जाते आणि या गावात कधीच न आलेला हा माणूस अंधारात नेमका कंदिलाच्या खुंटीकडे हात नेतो. कादंबरीतला सगळ्यात बोलका प्रसंग हाच आहे आणि तुमच्या मसुद्यात तो नाही. तुम्हाला शेवट माहीत असल्यामुळे ती खुंटी तुम्हाला किरकोळ वाटली असणार. त्याच्या आईने त्याला हे घर सांगून सांगून पाठ करून दिलंय हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचकाला नाही.

फिरवलेला मजकूर असा :

«नवरा गेल्यावर सुलभाने घराचे कागद उघडून बघितलेच नव्हते. ग्रामपंचायतीचा उतारा अजून त्याच्याच नावावर होता. ऐन पावसाळ्यात मुंबईच्या वकिलाची नोटीस येते आणि पाठोपाठ घरावर हक्क सांगणारा माणूसच दारात उभा राहतो. तारीख पंधरा दिवसांवर आहे, तोवर राहू द्या म्हणतो. सुलभा त्याला पडवीतली खोली देते. पहिल्याच रात्री वीज जाते आणि या गावात कधी पाऊलही न टाकलेला तो माणूस अंधारात नेमका कंदिलाच्या खुंटीकडे हात नेतो. त्याला हे घर हवंय. आणि तो हे घर ओळखतो कसा, हे जाणून घेतल्याशिवाय सुलभाला आता झोप लागणार नाही.»

यात त्रेचाळिसाव्या पानापलीकडचं काहीच नाही. शेवटचं वाक्य तेवढं माझं, आणि तेही पुढे काय होतं हे सांगत नाही. आता कशाचा शोध सुरू होणार एवढंच सांगतं.

दोन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. एक, «हळुवार पट» हे शब्द मी काढले कारण तेही शेवटच सांगतात. वाद कोर्टात चिघळणार नाही, सगळं गोडीने मिटणार, हे त्या एका विशेषणातून कळतं. दुसरी गोष्ट उलट बाजूची आहे. खुंटीच्या प्रसंगामुळे ही भुताची गोष्ट वाटण्याचा धोका आहे. म्हणूनच उतारा, नोटीस, तारीख हे शब्द आधी आले पाहिजेत. त्यांनी मजकुराचे पाय जमिनीवर राहतात. मुखपृष्ठावर अंधारं घर आणि कंदील काढला असेल तर चित्रकाराशीही बोला. भयकथा समजून घेतलेला वाचक पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

लांबीचं म्हणाल तर डेमी आकाराच्या मलपृष्ठावर खाली बारकोड आणि किंमत, बहुधा लेखकाचा फोटो आणि परिचयही असतो. सुखाने वाचता येईल अशा टायपात शंभर-सव्वाशे शब्द बसतात. वरचा मजकूर त्याच्या आतच आहे.

प्रश्न : «तिला न्याय मिळेल का? ती पुन्हा उभी राहील का?» अशा प्रश्नांनी शेवट केला तर चालेल ना? मग काही फुटतही नाही.

फुटतं. «न्याय मिळेल का» विचारलं की मिळणार हे वाचकाला कळतंच. न मिळणाऱ्या न्यायाबद्दल मलपृष्ठावर कुणी असं विचारत नाही. प्रश्न ठेवायचाच असेल तर हो किंवा नाही अशी दोन्ही उत्तरं महाग पडतील असा ठेवा. «साक्ष दिली तर भाऊ तुरुंगात, नाही दिली तर शेजारची निर्दोष बाई» असं साधं विधान केलं तरी पुरतं, प्रश्नचिन्हाची गरजच पडत नाही.

प्रश्न : माझ्या रहस्यकथेच्या मजकुरात खुन्याचं नाव कुठेच नाही. तरी एका मित्राने निव्वळ मलपृष्ठ वाचून ओळखलं! हे कसं झालं?

तुमचं वाक्य बघा : «त्या रात्री बंगल्यात पाच जण होते. त्यातली एक खोटं बोलत होती.» पाचांत बाया दोनच. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकतं, त्यामुळे तीन पुरुष दुसऱ्या वाक्यातच सुटले. रहस्यकथेचा मजकूर तपासताना मी सगळ्यात आधी क्रियापदं आणि विशेषणं खुणावतो. उपाय असा की कर्ता माणूस न ठेवता वस्तू ठेवायची : «पाच जबान्या. त्यातली एक खोटी.» आता स्त्रीलिंग जबानीचं आहे, माणसाचं नाही, आणि वाक्यही छोटं झालं.

काळही असाच दगा देतो. «डॉक्टर सगळ्या वाड्याचे लाडके होते» असं तुम्ही लिहिलंय, बाकी सगळा मजकूर वर्तमानकाळात आहे. त्या एका «होते»मुळे डॉक्टर मधेच मरणार हे समजलं. ते शंभराव्या पानानंतर मरतात, तेव्हा इथे «आहेत»च हवं.

पात्रांची यादीही पुन्हा बघा. सून, भाचा, माळी, डॉक्टर एवढं म्हणून झाल्यावर «आणि सदैव हसतमुख शेजारीणबाई» असं लिहिलंय. चौघांना नुसती ओळख आणि पाचवीला एकटीला विशेषण. रहस्यकथा वाचणारा माणूस पहिला संशय तिच्यावरच घेणार. एक तर सगळ्यांना विशेषण द्या, नाहीतर कुणालाच नको.

«शेवटच्या पानावरचा जबरदस्त धक्का» ही ओळ मात्र मी विनातडजोड कापीन. धक्का काय आहे हे ती सांगत नसली तरी तो आहे हे सांगते. मग वाचक पहिल्या पानापासून समोर दिसतं ते खोटं धरून चालतो आणि तुम्ही कष्टाने पेरलेला चकवा वाया जातो.

मजकूर पक्का झाला की पुस्तक न वाचलेल्या तीन-चार जणांना द्या. «आवडलं का» असं विचारू नका, «शेवट काय असेल, पटकन सांगा» म्हणा. उत्तरं वेगवेगळी आली तर मजकूर नीट आहे. दोघांनी तेच नाव घेतलं तर कुठल्या शब्दावरून वाटलं ते विचारा. बहुतेक वेळा ते नेमकं बोट ठेवतात.

प्रश्न : कादंबरी पानिपतावर आहे. शेवट अख्ख्या महाराष्ट्राला माहीत! मग झाकायचं काय?

१४ जानेवारी १७६१ चा निकाल झाकायचं कारण नाही. उलट त्या माहितीचा उपयोग करून घ्या. वाचकाला माहीत आहे आणि पात्राला माहीत नाही, हे अंतर जितकं ठळक तितका मजकूर धरून ठेवतो. तुमचा नायक भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर निघालेला बुणग्यांतला पोरगा आहे. मजकूर कुंजपुऱ्यावर आणा. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी ते ठाणं जिंकलं, धान्य हाती लागलं, तिथे दसरा झाला. तुमच्या कादंबरीत तो पोरगा तिथे आईला सांगतो की संक्रांतीला आपण घरी असू. मलपृष्ठ तिथेच थांबवा. अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली हेही लिहायला नको. संक्रांत हा शब्द वाचताच मराठी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो.

झाकायचं ते तुमचं स्वतःचं : तो पोरगा परततो का, आणि कसा. त्यातही एका जागी जपा. तुमचा उत्तरार्ध भाऊसाहेबांच्या तोतयाच्या प्रकरणावर उभा आहे. युद्धाइतकं ते सगळ्यांना तपशिलात ठाऊक नसतं. तुमच्या मसुद्यात भाऊसाहेबांच्या पत्नीबद्दल «पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही» असं आलंय. इतिहास म्हणून ते खरंच आहे, पण जाणकार वाचकाला त्यावरून तोतया डोळ्यांपुढे येईल आणि पोरगा त्या प्रकरणात साक्षीला येणार हेही तो ताडेल. ते वाक्य काढा.

प्रश्न : एका ज्येष्ठ लेखकांनी प्रेमाने पाठराखण लिहून दिलीय. त्यात «शेवटी नायिका आश्रम सोडून परत येते तो प्रसंग अप्रतिम» असं स्पष्ट लिहिलंय. त्यांना कसं सांगू? की आपणच दुरुस्त करून छापू?

त्यांच्या सहीखालचा एक शब्दही न विचारता बदलू नका. मधलं वाक्य गाळून तीन टिंबं देणं हाही बदलच आहे.

सांगणं तितकं अवघड नाही, फक्त हातात पर्याय घेऊन जा. «शेवट फुटतो» एवढंच म्हटलं तर त्यांना पुन्हा लिहायला बसावं लागतं आणि ते टाळाटाळ करतात. त्यांचाच मजकूर घ्या, त्या वाक्यातली प्रसंगाची ओळख काढा आणि दाद तशीच ठेवा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात पुढेच त्यांनी लिहिलंय की नायिकेचं मौन तुम्ही कुठेही भाबडं होऊ दिलेलं नाही. ते वाक्य वर घ्या. नुसत्या «अप्रतिम»पेक्षा ते कितीतरी वजनदार आहे आणि त्यातून काही फुटतही नाही. दोन्ही रूपं एका कागदावर शेजारी शेजारी छापून द्या आणि त्यांच्या होकाराची सही किंवा मेसेज जपून ठेवा.

ते नाहीच म्हणाले तर अख्खी पाठराखण पुस्तकाच्या शेवटी, कथा संपल्यानंतरच्या पानावर छापू का असं विचारा. वाचलेल्या माणसाला ती तिथे जास्त भावते. मलपृष्ठासाठी त्यांचं एखादं निरुपद्रवी वाक्य मागून घ्या, आणि हे सगळं मुखपृष्ठाची फाइल छापखान्यात जाण्याआधी करा.