घरपोच पार्लर सर्व्हिस: जाण्यायेण्याचे पैसे, रूट आणि मुलींची सेफ्टी

प्रश्न: घरी जाऊन ब्युटी सर्व्हिस द्यायची आहे, हाताखाली दोन मुली आहेत. ट्रॅव्हल चार्ज कसा लावू, रूट कसा ठरवू आणि मुलींच्या सेफ्टीचं काय करू?

उत्तर: मी हेच काम करते. सगळ्यात आधी किलोमीटर विसरा आणि मिनिटं मोजा, कारण तुमच्याकडे विकायला मुलीचा वेळच असतो. समजा थ्रेडिंगचं काम १५ मिनिटांचं आहे आणि घर ४० मिनिटं लांब, म्हणजे जाऊन येऊन ८० मिनिटं, वर सामान मांडणं-आवरणं धरा, पावणेदोन तास गेले आणि बिल १५ मिनिटांचं. म्हणून लांबच्या घरासाठी मिनिमम बिल ठेवायचंच, तेवढं काम नसेल तर सरळ नाही म्हणायचं. ट्रॅव्हल चार्ज म्हणजे प्रवासाच्या वेळेचा मुलीचा पगार अधिक गाडीखर्च, पण तो रोज नव्याने मोजत बसू नका. २० मिनिटांच्या आतले, ४० पर्यंतचे आणि त्यापुढचे असे तीन पट्टे करा आणि बुकिंगच्या वेळीच आकडा सांगा, दारात सांगितला की वाद होतो. दोघीतिघी एकाच घरी किंवा एकाच सोसायटीत असतील तर चार्ज एकदाच घ्या, मग त्या स्वतःच मैत्रिणी जमवतात 😄

रूटमध्ये दिवस दिशेने वाटा, एका बाजूच्या अपॉइंटमेंट ठरलेल्या वारी. सगळ्यात लांबचं घर सकाळी पहिलं घ्यायचं आणि तिथून जवळ येत यायचं, म्हणजे उशीर झालाच तरी संध्याकाळी मुलगी घराजवळ असते. तासाच्या वॅक्सिंगला मी दीड तास धरते, हीटर गरम व्हायला वेळ लागतोच शिवाय आवरताना क्लायंट हमखास म्हणते "अगं भुवया पण कर ना".

आता सेफ्टी. नवीन क्लायंटशी आधी फोनवर बोला, नुसत्या मेसेजवर बुकिंग घेऊ नका, पूर्ण पत्ता आणि घरी कोण कोण असेल ते विचारा, पहिल्या व्हिजिटला शक्यतो दोघींना पाठवा आणि ती दिवसाउजेडीच ठेवा. मुलगी पोचली की मेसेज, निघाली की मेसेज, ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत निरोप नाही आला तर मी फोन करते. एक साधं वाक्य ठरवून ठेवा, काही खटकलं की मुलीने फोन करून ते म्हणायचं, आमचं आहे "ताई, लाल डबा तिकडेच राहिला का?", हे ऐकलं की मी लगेच "दुसरीकडे अर्जंट आहे, निघ" असं स्पीकरवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते आणि ती बाहेर पडेपर्यंत फोन ठेवत नाही. सामान राहिलं तर राहू दे.

आणि हे मुलींना आधीच सांगून ठेवा की अर्धवट सोडून आलीस तरी त्या व्हिजिटचे तुझे पैसे पूर्ण मिळतील. पैसे कापले जातील असं वाटलं ना, की मुलगी खटकत असूनही काम संपेपर्यंत थांबते, मग तुमचं ते वाक्यबिक्य काही उपयोगाचं नाही.