फायनल राउंडच्या आधी अर्ज मागे घेताना

प्रश्न: दोन राउंड झालेत, परवा फायनल आहे, पण घरच्या कारणामुळे आता शहर सोडता येणार नाही. एचआरला कसं कळवू?

आजच फोन करा आणि लगेच त्याच मेल थ्रेडवर लिहून टाका, "घरची परिस्थिती बदलल्यामुळे मला शहर सोडता येणार नाही, म्हणून अर्ज मागे घेत आहे, परवाचा इंटरव्ह्यू कृपया रद्द करावा." मी रिक्रूटमेंटमध्येच आहे, आम्हाला नकाराचं वाईट वाटत नाही, पॅनेलच्या तिघांचा वेळ ब्लॉक केला आणि उमेदवार आलाच नाही, फोनही उचलेना, हे मात्र लक्षात राहतं. आज कळलं तर तो स्लॉट दुसऱ्या कुणाला तरी देता येतो. कारण एका ओळीत पुरे, पण जे खरं आहे तेच सांगा, कारण "तब्येत बरी नाही" म्हटलं की आम्ही पुढची तारीख देतो. ऑफर लेटरवर सही झाली असेल तर मात्र आधी त्यातल्या अटी वाचा.